पैसे गेले तरी फोन फॉरमॅट मारू नकोस

*ताई, नमस्कार. रावेर तालुक्यातून लिहितोय. शनिवारी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीएम किसानची फाइल आली होती, आप्पांनी ती उघडून आधार नंबर, एटीएम कार्डाचा नंबर, पिन सगळं भरलं. संध्याकाळी केळीच्या पेमेंटचे ४९ हजार आणि परत ४९ हजार गेले. मी लगेच बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून एटीएम ब्लॉक केलं तरी अर्ध्या तासात अजून ३८ हजार गेले. बँक आता सोमवारी उघडेल. मोबाईल दुकानवाला म्हणून राहिला फोन फॉरमॅट मार. एक जण म्हणतो पाच हजार द्या, पैसे काढून देतो. आप्पा जेवत नाहीयेत. काय करू समजून नाही राहिलं.*

भाऊ, तुझा मेसेज रविवारी सकाळी वाचला आणि लगेच फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, तू ते केलंस पण. पण घाईत सांगितलेलं अर्धं डोक्यात राहतं अर्धं सुटतं, आणि आता या १,३६,००० रुपयांचे तीन वेगवेगळे रस्ते झालेत म्हणून सगळं नीट लिहूनच देते. तुझ्या गावात त्या ग्रुपवर अजून कोणी कोणी ती फाइल उघडली असेल त्यांनाही वाचायला दे.

आधी फोनचं. दुकानवाल्याचं मन चांगलं असेल पण त्याचं ऐकलं असतं तर हातातला पुरावाच गेला असता. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी .apk होतं, म्हणजे ती पीडीएफ बिडीएफ काही नव्हती, ते एक अॅप होतं. आप्पांनी इन्स्टॉल केलं, त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, आप्पांनी अलाऊ केलं, आणि तिथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी आप्पांच्या आधी त्या चोराला दिसायला लागला. कार्ड नंबर आणि पिन त्याने फॉर्ममध्ये भरून घेतलेच होते, त्यावर त्याने नेट बँकिंग चालू करून घेतलं. आप्पा म्हणतात ना की मी कोणालाच ओटीपी सांगितला नाही, ते खरंच बोलताहेत, त्यांना रागावू नको.

म्हणून पहिलं काम इंटरनेट तोडणं. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि सिम काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घालायचं. नुसतं एअरप्लेन मोडवर ठेवून भागत नाही कारण सिम तर चालू पाहिजे, बँकेचे मेसेज, पोलिसांचा फोन त्याच नंबरवर येणार. साध्या फोनमध्ये ते अॅप नाही त्यामुळे तिथे आलेला ओटीपी चोराला दिसत नाही. सिम बंद करून नवीन घ्यायचा सल्ला पण लोक देतात, त्याची गरज नाही, सिम आपल्याच हातात आहे, बिघाड फोनमध्ये आहे.

आता त्या फोनला हात न लावता पुरावा गोळा करायचा, म्हणजे तुझ्या फोनने त्याच्या स्क्रीनचे फोटो काढायचे. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढले तर ते बाहेर पाठवायला परत नेट चालू करावं लागतं, ते नको. काय काय टिपायचं ते सांगते. ग्रुपमधला तो मेसेज, त्यावर पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा. डाउनलोड झालेल्या फाइलचं पूर्ण नाव. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपचं पान आणि त्याला दिलेल्या परवानग्या. कॉल लॉगमध्ये त्या दिवशी अनोळखी नंबर आले असतील तर तेही. बँकेचे मेसेज दिसत असतील तर ते, पण ही अॅप कधी कधी मेसेज लपवतात नाहीतर डिलीट करतात, त्यामुळे मेसेज नाही दिसला म्हणून व्यवहार झाला नाही असं समजू नको, खरा आकडा स्टेटमेंटमध्येच असतो.

तो ग्रुपवरचा मेसेज तुमच्या गावातल्याच कोणाच्या तरी नंबरवरून आला असणार. लगेच त्याच्या घरी भांडायला जाऊ नका, त्याचाही फोन असाच पकडला गेला असेल आणि अॅपने त्याच्या नावाने सगळ्या ग्रुपवर फाइल फेकली असेल. पण ग्रुप अॅडमिनला सांग की तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याआधी दोघातिघांनी आपापल्या फोनवर तो न उघडता त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि ती फाइल कोणालाही फॉरवर्ड करू नको, पोलिसांनाही व्हॉट्सअॅपवर नाही. ती आप्पांच्या फोनमध्ये आहे तिथेच राहू दे, ते लोक त्यांच्या पद्धतीने काढतील.

हे सगळं झाल्यावर फोन तसाच बंद करून बाजूला ठेव. सायबर पोलीस मागतील तेव्हा द्यायचा, आणि देताना पंचनाम्याची किंवा पावतीची प्रत घ्यायची. नुसते फोटो आणि प्रिंट कोर्टात द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, १ जुलै २०२४ पासून हा नवा कायदा आहे, आधी ६५ब म्हणायचे तेच. त्यात फोटो कोणत्या फोनने काढले, फोन कोणाचा, हे लिहून सही करावी लागते, म्हणून तू तुझ्या फोनमधले ते फोटो डिलीट करू नको, क्रॉप करू नको, त्यावर लाल गोल बिल पण काढू नको. समजवायला गोल काढायचाच तर कॉपीवर काढ.

आता पैशाचं. माणूस घाबरला की सगळ्यात आधी कोणाला फोन करायचा हेच सुचत नाही. माझं मत असं की खात्यात अजून पैसे शिल्लक असतील तर पहिला फोन बँकेला, खातं रिकामं झालं असेल तर पहिला फोन १९३० ला, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि घरात दोन माणसं असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाने बँक एकाने १९३०. बँकेचा नंबर गुगलवर शोधायचा नाही हं, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर टाकून ठेवलेले असतात आणि माणूस एका चोराकडून दुसऱ्या चोराकडे जातो. कार्डाच्या मागे नाहीतर पासबुकवर नंबर छापलेला असतो तोच लावायचा.

तू बँकेला फोन केलास, चांगलं केलंस, पण तू सांगितलंस की एटीएम ब्लॉक करा. त्यांनी एटीएम कार्ड ब्लॉक केलं. नेट बँकिंग चालूच राहिलं, आणि चोर बसला होता नेट बँकिंगमध्ये. असं होतं बघ, आपण जे नाव घेतो तेवढंच समोरचा बंद करतो. बोलायचं असं की माझ्या खात्यात फ्रॉड झालाय, कार्ड, नेट बँकिंग, मोबाईल बँकिंग, यूपीआय सगळं बंद करा आणि खातं डेबिट फ्रीझ करा. डेबिट फ्रीझ म्हणजे खात्यात पैसे येतील पण बाहेर एक रुपया जाणार नाही. तक्रार नंबर घ्यायचा, कोणत्या वेळेला बोललो ते लिहून ठेवायचं. आप्पांचा आधार नंबर पण त्या फॉर्ममध्ये गेलाय, त्यामुळे आधारचं बायोमेट्रिक तुझ्या फोनवरून लॉक करून टाक, म्हणजे अंगठ्यावर पैसे काढायचा रस्ताही बंद. आणि सोमवारी बँकेत गेलास की आप्पांच्या नावावर कुठली एफडी मोडली गेली का, कोणतं ऑनलाइन कर्ज उचललं गेलं का, हे नक्की विचार. खात्यातले पैसे संपले की चोर तिकडे वळतो.

१९३० ला फोन लागल्यावर काय होतं ते समजून घे, म्हणजे घाई का करायची ते कळेल. ऑपरेटर तुझ्याकडून नाव, मोबाईल, बँक, खाते नंबर, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा नंबर घेतो. हा नंबर म्हणजे मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये यूटीआर नाहीतर आरआरएन म्हणून असतो, आयएमपीएस आणि यूपीआयचा १२ आकड्यांचा असतो. हा एक आकडा चुकला तर सगळा शोध चुकतो म्हणून दोनदा वाचून सांगायचा. मग ती तक्रार तुझ्या बँकेकडे जाते, बँक बघते पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात गेले, तिथल्या बँकेकडे तक्रार जाते, ती बँक त्या खात्यात जेवढे शिल्लक असतील तेवढे रोखून धरते, त्याला होल्ड किंवा लीन म्हणतात. तिथून पैसे पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे. अशी ती पैशाच्या मागे मागे पळते. पण कोणीतरी एटीएममधून नोटा काढून नेल्या की तिथे तिचा रस्ता संपतो. चोराचं काम पैसे चार खात्यांत फोडून नोटा करणं, आपलं काम त्याच्या आधी पोहोचणं, बस एवढीच शर्यत आहे.

लाइन बिझी असली तर लावत राहायचं आणि दुसऱ्या फोनवर cybercrime.gov.in वर तक्रार भरायला घ्यायची. १९३० ला फोनवर तक्रार झाली की एसएमएसने एक पोचनंबर येतो आणि २४ तासांच्या आत पोर्टलवर जाऊन तीच तक्रार पूर्ण भरायची असते. बरेच जण फोन झाला म्हणजे झालं समजून बसतात. तू रविवारी दुपारी भरलीस म्हणून सांगितलंस, छान.

आता तू पाठवलेल्या माहितीवरून बोलते. तीन व्यवहार तीन वेळचे आहेत, ७.१२ ला ४९ हजार, ७.१४ ला ४९ हजार, आणि ८.२२ ला ३८ हजार. तू बँकेला फोन केलास ७.५० ला आणि तक्रार नंबरचा मेसेज आला ७.५८ ला. पहिल्या ४९ हजारांपैकी २१ हजार दुसऱ्या एका बँकेच्या खात्यात सापडले आणि होल्ड झाले. बाकीचे २८ हजार, दुसरे पूर्ण ४९ हजार, आणि ते ३८ हजार, हे सगळे एटीएममधून निघून गेले असं सायबर पोलिसांनी सांगितलं. म्हणजे बघायला गेलं तर १,३६,००० पैकी २१ हजारच वाचले, आणि तू हिरमुसला झालास. पण ते ३८ हजार मी वेगळे धरते.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या ऑनलाइन व्यवहारात तोटा कोणाचा यावर. त्यात असं आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन बिन दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आप्पांनी खोट्या फॉर्मवर पिन भरला, त्यामुळे पहिल्या दोन व्यवहारांवर बँक हात वर करणार, तिथे फार भांडायला जागा नाही असं मी सरळ सांगते. पण ७.५८ चा मेसेज तुझ्याकडे आहे आणि तिसरा व्यवहार ८.२२ चा आहे. बँक म्हणेल तुम्ही फक्त एटीएम ब्लॉक सांगितलं होतं. आपण म्हणायचं आम्ही फ्रॉड झाला हे कळवलं होतं, आणि कळवल्यावर खात्यातून पुढचे व्यवहार होऊ नयेत म्हणून पावलं उचलायची जबाबदारी त्याच परिपत्रकात बँकेवर टाकलीय, कोणतं बटण दाबायचं हे ग्राहकाला कसं माहीत असणार. शिवाय ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचा भार पण बँकेवरच आहे.

यासाठी कॉलचं रेकॉर्डिंग सोन्यासारखं आहे. त्यात तू फ्रॉड हा शब्द बोललास की नाही यावर सगळं आहे. म्हणून शाखेत जाऊन आप्पांच्या सहीने लेखी अर्ज दे, अमुक तारखेला ७.५० वाजता या नंबरवरून कस्टमर केअरला केलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, ८.२२ चा ३८ हजारांचा व्यवहार आम्ही कळवल्यानंतरचा आहे तो आमच्या खात्यात परत जमा करा. दोन प्रती न्यायच्या, एकीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन परत आणायची. साहेब म्हणतील ठेवून जा, बघतो. शिक्क्याशिवाय निघू नको, बाकड्यावर बस. सोबत १९३० च्या तक्रारीचा पोचनंबर लिही आणि त्या दिवसाचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट माग, यूटीआर नंबर दिसतील असं. मोबाईल अॅपमधली पीडीएफ स्वतःच्या माहितीला ठीक आहे, पोलिसांना आणि कोर्टाला बँकेच्या शिक्क्याचं द्यावं.

त्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. तात्पुरती म्हणजे आकडा दिसतो पण चौकशी होईपर्यंत ती आपली धरायची नाही, लगेच खताची उधारी फेडायला काढू नका. बँकेने नकार दिला किंवा ३० दिवस काहीच उत्तर नाही दिलं तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी काही नाही, वकील पण लागत नाही. आधी बँकेला लेखी दिल्याशिवाय मात्र तिथे घेत नाहीत, तो शिक्का तिथेही लागतो.

आता होल्ड झालेले २१ हजार. होल्ड झाले म्हणजे खात्यात परत आले असं नाही, ते अजून त्या दुसऱ्या बँकेत त्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात अडकलेले आहेत. ते आपोआप येतील म्हणून लोक महिनोन् महिने वाट बघत बसतात. छोटी रक्कम कोर्टाच्या आदेशाशिवाय परत मिळू शकते का हे आधी तपास अधिकाऱ्याला विचार, नाहीतर आपल्याला रावेरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अर्ज करावा लागेल, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, की ही रक्कम आमची आहे आम्हाला परत द्या. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, त्यात पोलिसांनी लिहायला पाहिजे की या यूटीआरने तक्रारदाराच्या खात्यातून निघालेले पैसे या खात्यात एवढे अडकलेत. मग कोर्ट साधारण बंधपत्र लिहून घेऊन बँकेला आदेश करतं. त्याच खात्यात दुसऱ्या फसलेल्या लोकांचेही पैसे आले असतील तर वाटणीचा प्रश्न येतो, म्हणून उशीर करू नको. कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात, किती रक्कम होल्ड आहे हे तपास अधिकाऱ्याकडून लिहून घे, फोनवर सांगितलेल्या आकड्यावर कोर्टात अर्ज होत नाही.

आणि पोर्टलची तक्रार म्हणजे एफआयआर नाही. एफआयआर वेगळा नोंदवून घ्यावा लागेल, त्याशिवाय त्या २८ आणि ४९ हजारांचा तपास पुढे सरकणार नाही, कारण एटीएमचं सीसीटीव्ही, खातं कोणाच्या कागदपत्रांवर उघडलं, हे सगळं पोलिसच मागवू शकतात. सीसीटीव्ही काही दिवसांनी पुसलं जातं, तपास अधिकाऱ्याला लवकर फुटेज मागवा असं लेखी विनंतीपत्र दे. गावच्या पोलीस स्टेशनला म्हणतील आमच्याकडे होत नाही जळगावला जा. त्यात थोडं तथ्य आहे, आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो. पण गुन्हा नोंदवायला हद्द आड येत नाही, पैसे बिहारात गेले की बंगालात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंद होते. तरीही नाही घेतला तर जळगावच्या एसपींना पोस्टाने लेखी तक्रार पाठव आणि पोस्टाची पावती मला दे, पुढचं मी बघते. त्या ७७ हजारांबद्दल मी तुला खोटी आशा दाखवणार नाही, नोटा झालेले पैसे क्वचित परत येतात. खातं भाड्याने देणारा सापडला तर काही हाती लागतं, तेही केस चालू झाल्यावर.

राहिला तो पाच हजारवाला. भाऊ, तुझे पैसे गेले हे त्याला कसं कळलं ते तू सांगितलंच नाहीस. होल्ड सोडवायला कोणतीही फी नाही, १९३० वाले पैसे मागत नाहीत, आणि आयफोर्सी म्हणजे केंद्राचं सायबर गुन्ह्यांचं केंद्र, सायबर सेल, आरबीआय असं नाव सांगून फाइल पुढे सरकवतो म्हणणारा माणूस एकतर दलाल असतो नाहीतर त्याच टोळीतला. फेसबुकवर सायबर पोलिसांच्या बातमीखाली कमेंटमध्ये असे नंबर टाकलेले असतात, अमुक सरांनी माझे पैसे परत मिळवून दिले म्हणून. त्याचा नंबर, त्याने पाठवलेला मेसेज, यूपीआय आयडी दिला असेल तर तो, याचे फोटो काढून तुझ्या तक्रारीच्याच पोचनंबरसह तपास अधिकाऱ्याला दे. त्याला फोनवर शिव्या देत बसू नको, तो नंबर बदलून टाकेल.

सोमवारी बँकेतून निघालास की शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मला पाठव. कोर्टाच्या अर्जाला आप्पांची सही लागेल, त्यांना एकदा जळगावला घेऊन ये, येताना आधार आणि पासबुकच्या झेरॉक्स आण, आणि तो बंद ठेवलेला फोन घरीच राहू दे.